काकूंचे 1,483 रुपये आणि महापालिकेचा खरा पत्ता

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मे महिना संपत आलेला, आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली. कोथरूडला त्यांचा वन बीएचके आहे, काका गेल्यापासून सगळे कागद त्याच बघतात आणि व्यवस्थित बघतात, एकेक पावती फाईलला लावलेली असते. त्या म्हणाल्या, "अगं मी टॅक्स भरलाय 29 तारखेला, पैसे पण कटलेत, पण सवलत दिसतच नाहीये, तू बघ ना जरा." मी बघितलं तर मोबाईलवर एक छान रंगीत पावती होती, वर शनिवारवाड्याचा फोटो, खाली 16,695 रुपये, आणि पावतीवर कुठेही महापालिका असा शब्द नाही. एका कंपनीचं नाव होतं. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की आम्ही खाजगी सेवा पुरवतो आणि आमचा कुठल्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही.

म्हणजे ही चोरी नव्हतीच, हे आधी लक्षात घ्या, कारण आपण असं काही ऐकलं की लगेच फ्रॉड फ्रॉड म्हणतो. झालं असं होतं. काकूंनी गुगलवर पुणे प्रॉपर्टी टॅक्स ऑनलाईन पेमेंट असं टाकलं, पहिलं जे आलं त्यावर बोट ठेवलं, ते प्रायोजित होतं म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात. तिथे नाव, मोबाईल नंबर, मिळकत क्रमांक आणि रक्कम अशा चार चौकटी होत्या. रक्कम कुठली, तर घरी आलेल्या बिलावर जो मोठा आकडा होता तो, 16,400. काकूंनी तो टाकला. त्यावर सेवा शुल्क 250 आणि त्याचा 18 टक्के जीएसटी 45, असे 295 वाढले, यूपीआयने पैसे गेले. मग त्या कंपनीतल्या कुणीतरी चार-पाच दिवसांनी सावकाश पालिकेच्या पोर्टलवर जाऊन काकूंच्या खात्यावर 16,400 भरले. 3 जूनला. त्या वर्षी सवलतीची मुदत 31 मे होती.

वेळेत भरले असते तर पोर्टलवर 15,212 च दिसले असते आणि तेवढेच भरावे लागले असते. म्हणजे सवलतीचे 1,188 गेले आणि सेवेचे 295 गेले, एकूण 1,483. त्या कंपनीनं सांगितलेलं काम केलं, फक्त उशिरा केलं, आणि त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंच होतं की पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. पोलिसात जाऊन काय सांगणार?

आता तुम्हाला वाटेल दुसऱ्याचा टॅक्स कुणी तिसराच कसा काय भरू शकतो, तर भरू शकतो, मिळकत क्रमांक माहीत असला की झालं. ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे आणि ते बरोबरच आहे, मुलगा अमेरिकेतून आईच्या घराचा टॅक्स भरतो, भाडेकरू मालकाचा भरतो, सोसायटीचा सेक्रेटरी गावाला गेलेल्या मेंबरचा भरतो, कुणाचं लॉगिन लागत नाही. पण ह्याच सोयीवर हा मधला धंदा उभा आहे. तुम्ही जे दोन मिनिटांत फुकट करू शकता तेच तो तुमच्याकडून 295 घेऊन करतो, आणि तुम्हाला वाटतं तुम्ही पालिकेच्याच साईटवर आहात.

हे सगळं मी काकूंना समजावलं आणि म्हटलं, काकू पुढच्या वेळी खऱ्या साईटवरच जा. त्यांनी वही काढली, चष्मा लावला, म्हणाल्या "सांग, लिहून घेते." मी सांगितलं, propertytax.punecorporation.org. त्यांनी एकेक अक्षर लिहिलं, मग त्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं हे तर जास्तच खोटं वाटतंय. ह्यात ना पीएमसी आहे, ना सरकार आहे. बँकेतल्या त्या कार्यक्रमात सांगितलेलं सरकारी साईटला जीओव्ही असतं म्हणून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ह्या लेखाचा सगळा मुद्दा तोच आहे. आपण लोकांना सांगत राहतो सावध राहा, नीट बघून क्लिक करा, अमुक करू नका तमुक करू नका, पण नीट बघून ओळखता येईल असं काही पालिकांनी ठेवलंय का? पुण्याची मुख्य साईट आधी punecorporation.org होती, मग ती pmc.gov.in वर गेली, चांगलं झालं. पण टॅक्स भरायचं पोर्टल, म्हणजे जिथे खरोखर पैसे जातात ते, जुन्याच .org वर वर्षानुवर्षे चालत आलं. बातम्या, टेंडर, पदाधिकाऱ्यांचे फोटो सरकारी पत्त्यावर, आणि पैसे मात्र अशा पत्त्यावर जो दिसायला कुणाचाही असू शकतो. .org कुणीही घेऊ शकतं, कार्ड असलं की दहा मिनिटांत. .gov.in मात्र सरकारी संस्था असल्याशिवाय मिळत नाही, तो देताना कोण मागतंय त्याची कागदपत्रं तपासली जातात, त्या शेपटीची किंमत तेवढ्यासाठीच आहे. म्हणजे पालिकेकडे ओळखीचा शिक्का आहे आणि तो नेमका पैशाच्या खिडकीवर मारायचा राहिला.

मुंबईत उलटा घोळ आहे. तिथलं पोर्टल व्यवस्थित सरकारी आहे, portal.mcgm.gov.in, पण सगळी मुंबई ज्या संस्थेला बीएमसी म्हणते तिच्या पत्त्यात बीएमसी कुठेच नाही. एमसीजीएम हे तिच्याच औपचारिक इंग्रजी नावाचं लघुरूप, पण रस्त्यावरच्या माणसाला ते कोण सांगणार. माझी मावसबहीण मालाडला असते, तिनं खरी साईट उघडून खोटी समजून बंद केली आणि ज्या साईटच्या नावात बीएमसी लिहिलं होतं तिथे गेली. नशीब तिथे नुसता लेख होता, पैसे भरायची सोय नव्हती.

हे लेखवाले म्हणजे अजून एक प्रकरण. गुगलवर टॅक्सबद्दल काहीही शोधा, पहिल्या पानावर अर्ध्याहून जास्त जागा घरं विकणाऱ्या आणि होमलोन जमवणाऱ्या साईट्सनी अडवलेली असते. अमुक वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स, कसा भरायचा, सवलत किती, असे लांबलचक लेख, दरवर्षी वर फक्त साल बदललेलं. आत बऱ्याचदा माहिती बरोबर असते, कधी तीन वर्षं जुनी असते. मी त्यांना चोर म्हणत नाही, ते शोधणाऱ्याचा ट्रॅफिक पकडतात आणि तुमचा मोबाईल नंबर मिळाला की त्यांचं काम झालं, पुढचा महिनाभर तुम्हाला प्लॉटचे फोन येतात. पण ते वर का येतात? कारण त्यांनी लोक जे शब्द टाईप करतात तेच शब्द वापरून, मोबाईलवर नीट उघडेल असं, साधं पान लिहिलंय. पालिकेच्या साईटवर लोक टॅक्स म्हणून जे शोधतात ते कर आकारणी व कर संकलन विभाग ह्या नावाखाली असतं. बरोबर नाव आहे, फक्त कुणी ते शोधत नाही.

पाण्याच्या बिलात तर गंमत बघा. पुण्यात साध्या घरगुती नळाचं वेगळं पाणी बिल येतच नाही, पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच एका ओळीत असते, वेगळं बिल येतं ते मीटर असलेल्या व्यावसायिक वगैरे नळजोडांना. पण नवीन राहायला आलेला माणूस, जो पिंपरीहून आलाय जिथे पाण्याचं बिल वेगळं असतं किंवा मुंबईहून आलाय जिथे सोसायटीला मीटरप्रमाणे बिल येतं, तो पुणे वॉटर बिल पेमेंट असं शोधतो. त्याला जे बिल मुळात नाहीच ते भरून द्यायला तयार असलेल्या साईट्स सापडतात! माझ्या ऑफिसमधल्या एका मुलानं फ्लॅट घेतल्यावर तीन दिवस आपला पाण्याचा ग्राहक क्रमांक शोधला. नव्हताच तो.

म्हणून साईट खरी की खोटी हा खरं तर दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न हा की माझं घर नक्की कुणाच्या हद्दीत आहे. पुणे म्हणून पत्ता लिहिणारे सगळे पुणे महापालिकेत नसतात. वाकड, रावेत, चिंचवडवाले पिंपरी चिंचवड महापालिकेचे, त्यांची साईट pcmcindia.gov.in. कॅम्पातला जुना बंगला कँटोन्मेंट बोर्डाचा, त्याचा कर देशभरातल्या कँटोन्मेंटसाठी असलेल्या ई-छावणी पोर्टलवर, echhawani.gov.in. 2017 ला 11 गावं आणि 2021 ला अजून 23 गावं पुणे पालिकेत आली, तिथल्या लोकांचा कर तोवर ग्रामपंचायतीत जायचा, मग पालिकेत, आणि त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची ह्या दोन गावांची पुढे वेगळी नगरपरिषद झाली. तिथल्या माणसानं काय शोधायचं? ह्या गोंधळात जो कुणी ठामपणे येऊन म्हणेल की सगळ्या पुण्याचा टॅक्स इथेच भरा, तो खरा वाटणारच. खरं पोर्टल फक्त आपल्या हद्दीतल्या मिळकती दाखवतं, त्याच्याकडे दुसऱ्याच्या याद्याच नसतात. त्यामुळे एकाच चौकटीत दहा शहरांची नावं आणि खाली आता भरा असं बटण दिसलं की समजायचं हा मधला माणूस आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, कारण सगळे मधले माणसं सारखे नाहीत. तुमच्या फोनमधल्या पेमेंटच्या ॲपमधे किंवा बँकेच्या ॲपमधे बिल भरायची जी सोय असते, महापालिका कर, पाणी वगैरे, ती भारत बिल पेमेंट सिस्टिमवर चालते, जिला आता भारत कनेक्ट म्हणतात. ही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची व्यवस्था आहे, एनपीसीआयची उपकंपनी ती चालवते, आणि तुमची पालिका तिथे बिलर म्हणून जोडलेली असेल तर ते पैसे अधिकृतपणेच जातात. अशा ठिकाणी भरू नका असं मी म्हणणार नाही, माझा भाऊ तसाच भरतो. फक्त तिथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरू नये, पालिकेच्या खात्यावर नोंद व्हायला मधे वेळ जाऊ शकतो. दुसरं म्हणजे ॲपची पावती ही व्यवहाराची पावती असते, पालिकेची कराची पावती नव्हे. घर विकताना किंवा नावावर करताना पालिकेचीच लागते, म्हणून चार दिवसांनी पोर्टलवर जाऊन ती डाउनलोड करून ठेवायची.

मग ह्या जोडलेल्या ॲपमधे आणि काकूंच्या त्या रंगीत साईटमधे फरक कसा ओळखायचा? मला एक खूण सापडलीय आणि ती मी सगळ्यांना सांगते. रक्कम कोण टाकतंय ते बघा. पालिकेच्या पोर्टलवर किंवा जोडलेल्या ॲपवर तुम्ही मिळकत क्रमांक टाकला की बिल तिकडून येतं, मालकाचं नाव, थकबाकी, सवलत वजा जाऊन आजची रक्कम, सगळं समोर येतं, तुम्ही फक्त बरोबर आहे का ते वाचायचं. काकूंच्या साईटनं रक्कम काकूंना विचारली, कारण तिला ती माहीतच नव्हती, पालिकेच्या नोंदींशी तिची कसलीच जोडणी नव्हती. तुमचं बिल किती आहे हे ज्याला तुम्हाला विचारावं लागतं तो तुमचं बिल घेणारा नाही. आता ह्याला पण मर्यादा आहे बरं का. क्रमांक टाकला की कुणालाही नाव आणि थकबाकी दिसते, त्यामुळे एखादी हुशार खोटी साईट मागच्या मागे खऱ्या पोर्टलवरून माहिती उचलून तुम्हाला दाखवू शकते. म्हणजे जिथे रक्कम विचारली तिथून निघायचं हे नक्की, पण रक्कम आपोआप आली म्हणून खरीच आहे असं नक्की नाही.

म्हणून पत्ता वाचता यायला हवा, त्याला पर्याय नाही, आणि तो आपल्याला कुणी शिकवलेला नाही. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी काय आहे, तो खरा मालक. हे दोन बघा:

```
https://pmc.gov.in/tax
https://pmc.gov.in.tax-bharna.example/pay
```

दुसऱ्यात सुरवातीला pmc.gov.in दिसतं आणि मोबाईलवर तर कधीकधी तेवढंच दिसतं, पुढचं कापलं जाऊ शकतं. पण रेघेच्या आधी शेवटी जे आहे ते tax-bharna.example, म्हणजे मालक तो, आधीचं सगळं त्यानं स्वतःच्या दारावर चिकटवलेलं नाव. (हा पत्ता मी उदाहरणासाठी बनवलाय, असा खरा नाहीये.) आणि ते कुलपाचं चित्र, ज्यावर लोक अजून विश्वास ठेवतात, त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साईटमधे होणारं बोलणं मधे कुणी ऐकत नाहीये. समोरचा कोण आहे ते कुलूप सांगत नाही, भामट्याच्या दाराला पण कुलूप असतंच की.

मग .org वर असलेलं खरं पोर्टल कसं ओळखायचं? सध्या एकच खात्रीचा रस्ता आहे, साखळी धरायची. सर्च करायचंच नाही. पत्त्याच्या पट्टीत हातानं pmc.gov.in टाईप करायचं, मुख्य पान उघडलं की तिथून मिळकतकराच्या लिंकवर जायचं. तिथून ती जिथे नेईल ते खरं, मग ते .org असो नाहीतर आणखी काही, कारण सरकारी पानानं त्याची ओळख दिलेली आहे. मुख्य पानापासूनच सुरू करायचं हे मी मुद्दाम सांगतेय. सरकारी साईट्सच्या आतल्या कोपऱ्यातल्या पानांवर घुसून जुगाराच्या जाहिराती चिकटवल्याचे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत, त्यामुळे सर्चमधे gov.in दिसलं म्हणून थेट आतल्या पानावर उडी मारणं पण तितकंसं बरं नाही. एकदा पोहोचलात की बुकमार्क करून ठेवा, मग दरवर्षीची कटकट नाही.

आणि पाणी तोडण्याचे मेसेज. तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री नळ बंद होईल, ह्या अधिकाऱ्याला फोन करा, आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. हा प्रकार आधी लाईट बिलाच्या नावानं चालायचा, मग पाण्यावर आला. ह्यात साईटचा प्रश्नच नसतो, फोन केला की ते एक ॲप व्हॉट्सअपवर पाठवतात, ते टाकलं की फोनमधले ओटीपी त्यांना दिसतात आणि खातं रिकामं. पालिकेची थकबाकी वसुली रात्री साडेनवाला एका मेसेजवर चालत नाही, आधी लेखी नोटीस येते. पैसे गेलेच तर पहिल्या तासात 1930 ला फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते, तक्रार cybercrime.gov.in वर पण करता येते. पण परत सांगते, काकूंसारख्या केसमधे ह्यातलं काही लागू नाही. त्यांना कुणी लुबाडलं नाही, त्या फक्त चुकीच्या खिडकीवर गेल्या.

आमच्या ग्रुपवर हे टाकलं तेव्हा एकानं लगेच लिहिलं की लोकांनीच शिकायला पाहिजे, सगळं सरकारनं का करायचं. दुसऱ्यानं लिहिलं की पालिकेची साईट 31 मे ला बंद पडते म्हणून लोक दुसरीकडे जातात. दुसरं मला पटतं. शेवटच्या दोन दिवसांत सगळं शहर एकदम येतं, पान फिरत राहतं, पैसे कटतात आणि पावती येत नाही, मग माणूस घाबरून दुसऱ्यांदा भरतो. (असं झालं तर लगेच परत भरू नका. यूपीआयनं कटलेले आणि पालिकेला न पोहोचलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे.) पण पहिलं मला अजिबात पटत नाही. लोकांनी शिकायला पाहिजे हे वाक्य तेव्हाच बोलता येतं जेव्हा शिकण्यासारखा एक नियम असतो. सरकारी साईट gov.in असते हा नियम काकू शिकलेल्याच होत्या. त्यांनी तो लावला आणि खरं पोर्टल नापास झालं! चूक विद्यार्थ्याची की पेपर काढणाऱ्याची?

आणि हे होऊ शकत नाही असंही नाही. बँकांचं बघा. खोट्या बँक साईट्सचा सुळसुळाट झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मधे जाहीर केलं की बँकांसाठी .bank.in अशी वेगळी शेपटी आणणार, आणि मग सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत दिली. मोठ्या बँका गेल्या, सहकारी बँका पण गेल्या, ज्यांच्याकडे आयटीला दोन माणसं आहेत अशा सुद्धा. आता आजीला सांगायला एक वाक्य आहे, शेवटी bank.in नसेल तर ती बँक नाही. महाराष्ट्रात महापालिका किती, 29. बँकांच्या तुलनेत हा आकडा काहीच नाही. ह्यांच्यासाठी नवी शेपटी शोधायची पण गरज नाही, gov.in आहेच, आणि केंद्राच्या सरकारी साईटसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमधेही सरकारी साईटनं gov.in किंवा nic.in च वापरावं असं म्हटलेलं आहे. नगरविकास खात्यानं एक तारीख द्यायची, त्या तारखेनंतर कुठल्याही पालिकेनं कराचा एक रुपयाही gov.in सोडून दुसऱ्या पत्त्यावर घ्यायचा नाही, बस.

ह्यात अडचणी आहेत ते मला माहीत आहे. पोर्टल बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीनं बनवलेलं असतं, पत्ता बदलला की पेमेंट गेटवेकडे नवीन पत्ता नोंदवावा लागतो, जुन्या बिलांवर जुना पत्ता आणि जुना क्यूआर छापलेला असतो, लोकांचे बुकमार्क असतात. म्हणून जुना पत्ता लगेच सोडून द्यायचा नाही, हे फार महत्त्वाचं. पत्त्याचं भाडं भरायचं बंद केलं की तो मोकळा होतो आणि दुसरं कुणीही घेऊ शकतं, मग दहा वर्षांच्या बिलांवर छापलेला खरा पत्ता उद्या एखाद्या भामट्याच्या हातात. जुना पत्ता पालिकेनं स्वतःकडेच ठेवायचा आणि तिथे येणाऱ्याला आपोआप नव्याकडे वळवायचं. त्याचं वर्षाचं भाडं काकूंच्या 1,483 च्या आसपासच असेल. पत्ता बदलायची मुदत मात्र मेमधे ठेवू नका, टॅक्सचा सीझन संपला की डिसेंबर जानेवारीत करा, म्हणजे एप्रिलची बिलं छापताना नवीनच पत्ता जाईल.

आणि तो पत्ता बिलावर मोठ्या अक्षरात, वर, रकमेच्या बाजूला, मराठीत एक ओळ लिहून: फक्त इथेच भरा, इथे वेगळं सेवा शुल्क लागत नाही. लाखो घरांत वर्षातून एकदा जाणारा कागद पालिकेच्या हातात आहे, एवढी मोठी जाहिरात ती सर्चमधल्या कंपन्या कितीही पैसे देऊन करू शकणार नाहीत.

काकू आता एप्रिलमधेच भरतात, बिल आलं की त्याच आठवड्यात. वहीच्या त्या पानावर त्यांनी pmc.gov.in लाल पेननं लिहिलंय, त्याच्या खाली बाण काढून मिळकतकर, त्याच्या खाली तो .org चा पत्ता, आणि शेजारी कंसात "हाच खरा, मुलीनं सांगितलंय". भरताना मात्र त्या मला अजूनही वर फोन करतात, पट्टीत काय दिसतंय ते एकेक अक्षर वाचून दाखवतात, आणि मी हो म्हटल्यावरच बटण दाबतात.